‘फक्त एवढं करून टाका’ : प्रस्तावना

कोथरूड, बाणेर किंवा पिंपळे सौदागरच्या एखाद्या दोन खोल्यांच्या ऑफिसात चार माणसं बसतात आणि भोसरी-चाकणच्या कारखानदारांसाठी वेबसाइट, कॅटलॉग, स्टॉकची छोटी सॉफ्टवेअरं तयार करतात. कोटेशन दीड पानाचं असतं, ते मंजूर झाल्याचा मेल एका ओळीचा असतो आणि काम संपेपर्यंत दोन्हीकडून मिळून शे-दीडशे मेल झालेले असतात. कोटेशनमध्ये लिहिलेलं काम आणि प्रत्यक्षात करून दिलेलं काम यांत जी तफावत पडते, ती याच मेलांमध्ये पडते. हे पुस्तक त्या मेलांविषयी आहे. काम वाढतंय हे मेल वाचतानाच कसं ओळखायचं, आणि ओळखल्यावर काय लिहायचं, म्हणजे पैसेही बुडणार नाहीत आणि माणूसही तुटणार नाही, एवढाच त्याचा विषय.

धंदा नवा असला तरी दुखणं जुनंच आहे. सार्वजनिक बांधकाम खात्याची कामं घेणाऱ्या ठेकेदाराला ‘एक्स्ट्रा आयटम’ म्हणजे काय, हे कोणी शिकवावं लागत नाही. बी-१ नमुन्याच्या निविदेत कलम ३८ आहे. निविदेत धरलेल्या परिमाणापेक्षा एखादी बाब पंचवीस टक्क्यांपर्यंत वाढली तर मूळ दरानेच करायची. त्यापुढच्या वाढीव कामाच्या दराचा विचार वेगळा. म्हणजे काम वाढणार हे दोन्ही बाजूंनी आधीच धरलेलं आहे, कितीपर्यंत वाढलं तर बोलायचं नाही हे आकड्यात लिहिलेलं आहे, आणि झालेलं काम मोजमाप पुस्तकात चढतं. वेबसाइटवाल्याकडे मोजमाप पुस्तक नसतं. खणलेला पाया टेप लावून मोजता येतो, पण ‘लोगो जरा मोठा करून बघा’ यात गेलेली दुपार कोणी मोजत नाही. तिची नोंद करायला त्याच्यापाशी एकच जागा असते, ती म्हणजे मेल. आणि तिथेच तो ‘ओके सर’ लिहून मोकळा होतो.

एक उदाहरण घेऊ. दोन-तीन खऱ्या कामांचे तुकडे जुळवून ते तयार केलं आहे आणि आकडे गोल केले आहेत. भोसरीतला प्रेस-पार्ट्स बनवणारा एक कारखाना. काम आठ पानांच्या इंग्रजी वेबसाइटचं. त्यात चौकशीचा फॉर्म, फोटो कारखान्याने द्यायचे, प्रत्येक पानाला दुरुस्तीच्या दोन फेऱ्या, मुदत सहा आठवडे. किंमत १,८०,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी. चाळीस टक्के आगाऊ, चाळीस टक्के डिझाइन पसंत झाल्यावर आणि उरलेले वीस टक्के, म्हणजे ३६,००० रुपये, साइट चालू झाल्यावर. तिसऱ्या आठवड्यात कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांचा मेल येतो:

‘नमस्कार. होमपेज बघितलं, एकदम छान झालंय. आमच्या मोठ्या सरांनाही आवडलं. फक्त एक करा, सगळी पानं मराठीतही टाकून द्या, आपल्या डीलर लोकांना बरं पडेल. कंटेंट तोच आहे, त्यामुळे फार काम नाही. मार्केटिंगच्या मॅडमना सीसीत घेतलंय, त्या त्यांचे पॉइंट्स पाठवतील. काइंडली डू द नीडफुल.’

या मेलात कुठेही लबाडी नाही, हे आधी मनाशी पक्कं करायला हवं. स्तुती खरी आहे. डीलरांची गरज खरी आहे. ‘फार काम नाही’ हेही त्यांना मनापासून वाटतं, कारण त्यांच्या खुर्चीतून बघितलं तर मजकूर तोच आहे आणि फक्त भाषा बदलायची आहे. गंमत अशी की, त्यांच्याच कारखान्यात उद्या कोणी म्हणालं, ‘पार्ट तोच आहे, फक्त एक भोक जास्त’, तर हेच साहेब संध्याकाळच्या आत नवं कोटेशन पाठवतील. डाय बदलावी लागणार हे त्यांना दिसतं. तुमची डाय त्यांना दिसत नाही. ती दाखवणं हे तुमचं काम आहे, आणि ते चिडून करण्यासारखं नाही.

आता तोच मेल धंद्याच्या नजरेने वाचू. मागणी ‘फक्त’ या शब्दानंतर आली आहे. पसंतीच्या मेलात ती शेवटी नाही तर मधोमध बसलेली आहे, त्यामुळे वाचणारा खूश होऊन पुढे सरकतो. क्रियापद आहे ‘टाकून द्या’. मराठीत अशी जोडक्रियापदं काम हलकं करून सांगतात: बघून घ्या, करून टाका, लावून द्या. तयार वस्तू कोणीतरी हातात दिली आहे आणि ती जागेवर ठेवायची एवढंच बाकी आहे, असा त्यांचा सूर असतो. इथे मराठी मजकूर कोण लिहिणार, कोण तपासणार, ‘डीप ड्रॉइंग’ला मराठीत काय म्हणायचं की तसंच ठेवायचं, हे कोणीच सांगितलेलं नाही. पैशाचा उल्लेख नाही आणि मुदतीचाही नाही. न लिहिलेल्या मुदतीचा अर्थ गिऱ्हाइकाच्या बाजूने जुनीच मुदत असा होतो.

पण या मेलातली सगळ्यात महागडी गोष्ट मराठी पानं नाहीत. ती सीसीत आहे. आतापर्यंत पसंती देणारा माणूस एक होता. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या एका माणसाच्या हिशेबाने धरल्या होत्या. मॅडम आपले मुद्दे वेगळे पाठवणार, साहेब आपले वेगळे पाठवणार, दोघांचे मुद्दे एकमेकांशी जुळतीलच असं नाही, आणि जुळले नाहीत तर तोड तुम्ही काढायची. कोटेशनमधला एक शब्दही न बदलता दोन फेऱ्यांच्या चार झाल्या. म्हणून मेल उघडल्यावर मजकुराआधी ‘To’ आणि ‘Cc’ या ओळी वाचाव्यात, असा माझा आग्रह आहे. नवं नाव दिसलं की थांबायचं आणि स्वतःला विचारायचं: हा माणूस माहितीसाठी आला आहे की मंजुरीसाठी?

मराठी पानांचा हिशेब मांडला तर साधारण असा होतो. भाषांतर आणि त्याची तपासणी बारा तास. आठ पानं नव्याने बसवणं दहा तास, कारण मराठी मजकुराची लांबी वेगळी, फॉन्ट वेगळा आणि मात्रा-वेलांट्यांमुळे ओळींमधलं अंतरही वेगळं लागतं. भाषा बदलायचं बटण आणि मेनू चार तास. फोनवर सगळं तपासून बघणं आणि बारीक दुरुस्त्या आणखी चार. एकूण तीस तास. ताशी १,२०० रुपये धरले तर ३६,००० रुपये. आकडा ओळखीचा वाटेल, कारण कामाचा शेवटचा हप्ता तेवढाच आहे. म्हणजे या एका मेलाला ‘करून देतो’ म्हणणं म्हणजे शेवटचा हप्ता आजच सोडून देणं. यात पुढचा खर्च धरलेला नाही: यापुढे इंग्रजीत केलेली प्रत्येक दुरुस्ती मराठीतही करावी लागणार.

प्रत्येक वाढ ही घुसखोरी नसते, हेही इथेच सांगून टाकतो. फॉर्म भरल्यावर चौकशीचा मेल कारखान्याला पोहोचत नसेल, फोनवर पान फुटत असेल, तर ते तुमचंच काम आहे आणि ते निमूटपणे, बिनबोभाट करायचं. त्याला ‘वाढीव’ म्हणणाऱ्याचा पुढचा खरा मुद्दाही कोणी ऐकत नाही. मधला पट्टा अवघड असतो. फोटो कारखान्याने द्यायचे असं लिहिलं, पण त्यांची काटछाट नि रंगदुरुस्ती कोणी करायची ते लिहिलं नाही. अशा वेळी ‘कोटेशनमध्ये नाही’ असं ठणकावणं खरं तर खोटंच असतं, कारण कोटेशन त्याबद्दल गप्प आहे. तिथे चालणारं वाक्य असं: ‘ही बाब कोटेशनमध्ये स्पष्ट लिहिलेली नव्हती, त्यामुळे तुमचा तसा समज होणं स्वाभाविक आहे. पहिले वीस फोटो आम्ही करून देतो, त्यापुढच्यांसाठी फोटोमागे अमुक दर लावू.’ यात अर्धं तुम्ही सोसता, पण गप्प असलेली जागा आकड्याने भरून निघते.

आता उत्तराकडे येऊ. या मेलाला दोन प्रकारची उत्तरं सर्रास जातात. पहिलं, ‘ठीक आहे सर, करून देतो.’ दुसरं, ‘सर, हे आपल्या कोटेशनमध्ये नाही.’ पहिल्याने पैसे जातात. दुसऱ्याने साहेबांना वरिष्ठांसमोर तोंडघशी पडल्यासारखं होतं, कारण डीलरांसाठी मराठी पानं ही कल्पना बहुतेक वेळा त्यांनीच मोठ्या सरांना सांगितलेली असते. पुस्तकात या जागी दिलेलं पत्र असं आहे:

‘नमस्कार साहेब. होमपेज तुम्हाला आणि मोठ्या सरांना पसंत पडलं हे वाचून बरं वाटलं. ते आता कायम धरून पुढची सात पानं त्याच धर्तीवर घेतो.

डीलरांसाठी मराठी पानं ही कल्पना उपयोगाची आहे. १२ तारखेच्या कोटेशनमध्ये आठ पानं इंग्रजीत धरली आहेत, तेव्हा मराठीचं काम त्यात वाढेल. आठही पानं मराठीत घ्यायची तर ३६,००० रुपये अधिक जीएसटी लागतील आणि साइट चालू व्हायला कामाचे नऊ दिवस जास्त लागतील. डीलरांना मुख्यतः ‘उत्पादनं’ आणि ‘संपर्क’ हीच पानं लागत असतील तर तेवढीच दोन १०,००० रुपयांत होतील आणि तारीख बदलणार नाही. किंवा इंग्रजी साइट ठरल्या दिवशी चालू करून मराठीचं दिवाळीनंतर बघू.

मॅडमचे मुद्दे आणि तुमचे मुद्दे एकत्र करून एकाच यादीत पाठवलेत तर दोन फेऱ्यांत सगळं बसेल.

यातलं काय करायचं ते गुरुवारपर्यंत एका ओळीत कळवा. तोवर इंग्रजी पानांचं काम ठरल्याप्रमाणे चालू ठेवतो.’

या पत्रात नकार कुठेच नाही. ‘पण’ हा शब्दही नाही, आणि तो मुद्दाम टाळला आहे. ‘कल्पना चांगली आहे, पण’ असं लिहिलं की वाचणारा पहिला अर्धा भाग विसरतो. स्तुतीचा स्वीकार करताना पत्राने एक काम गुपचूप उरकलं आहे: होमपेज कायम झालं. उद्या मॅडमनी होमपेजचा रंग बदलायला सांगितला, तर तो पसंतीनंतरचा बदल ठरेल, आणि तसं दाखवायला हा मेल जवळ असेल. कोटेशनचा उल्लेख तारखेने केला आहे, ‘आपलं ठरलं होतं’ असा नाही. आठवणीवरून वाद होतो, तारखेवरून होत नाही. आकड्याच्या शेजारी दिवस ठेवले आहेत, कारण बऱ्याच साहेबांना पैशापेक्षा तारीख जास्त टोचते. प्रदर्शनाआधी साइट हवी असेल तर नऊ दिवसांचा उशीर वाचून मराठीचा आग्रह आपोआप पुढे ढकलला जातो.

दुसरा पर्याय हा पत्रातला सगळ्यात कष्टाचा भाग. तो लिहायला गिऱ्हाइकाच्या गरजेचा विचार करावा लागतो. डीलर नक्की कोणतं पान उघडतो? त्याला ‘संचालकांचं मनोगत’ मराठीत वाचायचं नसतं. असा छोटा, स्वस्त आणि खरंच उपयोगी पर्याय पुढे ठेवला की बोलणं ‘तुम्ही पैसे मागताय’ इथून ‘आम्हाला काय हवंय’ इथे येतं. नमुन्यांतले बाकीचे शब्द बदलले तरी चालतील, पण हा पर्याय प्रत्येक कामागणिक नव्याने शोधायला हवा. तो छापून देता येत नाही.

शेवटची ओळ म्हणजे या पत्राचं कुलूप. गुरुवारपर्यंत उत्तर आलं नाही तर काय होईल, हे तिने सांगितलं आहे: मूळ काम चालू राहील. गिऱ्हाइकाचं गप्प बसणं हे नेहमी मूळ कोटेशनच्या बाजूला झुकलं पाहिजे, वाढीव कामाच्या बाजूला नाही. ‘उत्तर आलं नाही तर होकार समजून काम सुरू करतो’ असं चुकूनही लिहू नये. न दिलेल्या होकाराचं बिल घेऊन गेलात तर साहेबच नव्हे, त्यांचे अकाउंटंटही कायमचे सावध होतात.

पुण्यात हे शिकवायची वेळ यावी याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. ज्या शहरात दुकानाच्या दारावर ‘दुपारी १ ते ४ बंद’ असं लिहिताना कोणाचा हात थरथरत नाही, तिथला माणूस मेलात इतका मवाळ का? पण पाटी आधी लावलेली असते आणि ती सगळ्यांसाठी असते. तिच्यावर चिडणारा चिडतो आणि चार वाजता परत येतो. मेल मात्र काम अर्ध्यावर असताना, एका माणसाला, नाव घालून जातो. मर्यादा जितकी उशिरा सांगावी तितकी ती त्या एका माणसावरचा अविश्वास वाटते. म्हणून या पुस्तकाची पहिली दोन प्रकरणं मेलांची नाहीत, कोटेशनच्या शेवटच्या परिच्छेदाची आहेत: ‘या किमतीत पुढील कामं येत नाहीत’ असं लिहून चार-पाच बाबींची नावं घालायची. त्यात ‘इतर भाषांतील पानं’ ही बाब असती, तर वरचं पत्र निम्मं झालं असतं.

फोनचा प्रश्न वेगळा आहे. वरचं पत्र गेल्यावर बहुतेक वेळा मेलने उत्तर येतच नाही. फोन येतो: ‘अहो, एवढं कशाला, आपलं काय आजचं आहे का?’ फोनवर प्रेमाने बोलावं, ऐकून घ्यावं आणि त्याच संध्याकाळी तीन ओळींचा मेल टाकावा: ‘आज फोनवर ठरल्याप्रमाणे दोन पानं मराठीत घेतो, १०,००० रुपये अधिक जीएसटी, तारीख तीच. माझ्याकडून काही ऐकण्यात राहिलं असेल तर उद्यापर्यंत कळवा.’ गिऱ्हाइकाच्या मेलातलं ‘अ‍ॅज डिस्कस्ड’ हे वाढीव कामाचं सगळ्यात लाडकं दार आहे. जे बोलणं झालंच नाही, किंवा नुसता विषय निघाला होता, ते त्या दोन शब्दांत ठरलेलं होऊन येतं. यावर ‘असं काही ठरलं नव्हतं’ हे उत्तर देऊ नये. बोलण्याची पहिली नोंद तुम्ही केलीत तर ती वेळच येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या मागणीलाही हाच नियम. तिथे अंगठा दाखवायचा नाही, ‘मेलवर उत्तर देतो’ असं लिहायचं.

मेलावरच्या शब्दांना वजन किती, अशी शंका अजूनही विचारली जाते. ट्रायमेक्स विरुद्ध वेदांत ॲल्युमिनियम या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बॉक्साइटच्या व्यवहारात मेलांच्या देवाणघेवाणीतून करार झाला असं धरलं. सही-शिक्क्याचा औपचारिक कागद पुढे झाला नाही म्हणून तो मोडला नाही. हे दोन्हीकडून लागू आहे. त्यांच्या होकाराला वजन आहे तसंच तुमच्या ‘करून देतो सर’लाही.

आणि उशीर झाला असेल तर? पाच वेळा ‘करून देतो’ लिहून झालं आहे, सहावी मागणी समोर आहे आणि मनात मागच्या पाचांचा राग साचला आहे. अशा वेळी लोक सगळा हिशेब एकदम काढतात, आणि गिऱ्हाईक बिथरतं. त्याच्या दृष्टीने तुम्ही पाच वेळा हसतमुखाने दिलेली भेट आज बिल होऊन परत आली. मागचं सोडावं. पण सोडताना ते लिहून सोडावं: ‘आतापर्यंत कोटेशनबाहेरची पाच छोटी कामं झाली, त्यांची यादी खाली आहे. त्यांचा आकार १६,८०० रुपये होतो. आपलं पहिलंच काम म्हणून त्यावर पूर्ण सूट देतो. आजपासून पुढच्या वाढीव कामाचा आकार आधी कळवून, तुमचा होकार आल्यावर काम सुरू करू.’ पुढे बिलातही त्या पाच ओळी रकमेसकट छापून खाली सूट वजा दाखवायची. बिलावरच दाखवलेली सूट जीएसटीच्या करपात्र किमतीतून वजा होते, त्यामुळे त्यावर कर भरावा लागत नाही. फुकट केलेल्या कामाची किंमत छापलेली दिसली की ते काम उपकार म्हणून लक्षात राहतं. छापली नाही तर ते हक्क म्हणून लक्षात राहतं.

याच टप्प्यावर आणखी एक फास असतो, आणि त्याकडे माझ्या मते सगळ्यात कमी लक्ष जातं. शेवटचा हप्ता ‘काम पूर्ण झाल्यावर’ मिळणार असतो. दर आठवड्याला एक छोटा बदल येत राहिला की काम पूर्ण होतच नाही. हप्ता अडवला असं कोणी म्हणत नाही, तो नुसता देय होत नाही. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांना २००६ च्या कायद्याने संरक्षण दिलं आहे. लेखी मुदत ठरली असली तरी ती काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही, मुदत ठरलीच नसेल तर १५ दिवस, आणि त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. पण घड्याळ सुरू होतं ते काम स्वीकारल्याच्या दिवसापासून. सेवा दिल्यापासून १५ दिवसांत गिऱ्हाइकाची लेखी हरकत आली नाही तर सेवा दिल्याचा दिवसच स्वीकृतीचा धरतात. हरकत आली तर ती दूर केल्याचा दिवस. आता ‘अजून दोन बदल करा’ हा मेल हरकत आहे की नवी मागणी? तुम्ही ते त्याच दिवशी लिहून वेगळं केलं नाही, तर पुढे त्याचा अर्थ दुसरंच कोणीतरी लावेल. म्हणून इथलं पत्र दोन तुकड्यांत जातं. एका मेलात फक्त एवढंच: ‘१२ तारखेच्या कोटेशनप्रमाणे आठ पानं आज चालू झाली, अंतिम हप्त्याचं बिल सोबत जोडलं आहे.’ दुसऱ्या, वेगळ्या विषयाच्या मेलात नव्या बदलांचं छोटं कोटेशन. दोन्ही एकाच मेलात घातलं की ते दोन्ही एकत्रच अडकतात.

कोर्टाच्या भरवशावर कोणी राहू नये, यासाठी एक जुना निकाल वाचण्यासारखा आहे. बंगालमधल्या बी. के. मंडल अँड सन्स या ठेकेदारांनी १९४४ मध्ये आरामबागला नागरी पुरवठा खात्यासाठी गोदामं बांधली. मग अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून कच्चा रस्ता, पहारेकऱ्यांची खोली, ऑफिस, स्वयंपाकघर अशी कामं वाढत गेली. खात्याने ती वापरली आणि बिल आल्यावर सरकारने सांगितलं की, रीतसर करारच झालेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने ठेकेदाराच्या बाजूने निकाल दिला. त्यातलं मुख्य निकालपत्र न्या. प्र. बा. गजेंद्रगडकरांचं आहे, जे पुढे सरन्यायाधीश झाले. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७० चा आधार घेऊन त्यांनी मांडलं की, एखाद्याने कायदेशीरपणे, फुकट करण्याचा इरादा नसताना दुसऱ्यासाठी काम केलं आणि दुसऱ्याने ते स्वीकारून त्याचा फायदा घेतला, तर त्याने मोबदला द्यायला हवा. दुसऱ्या बाजूला ते काम नाकारायची मोकळीक होती, यावर निकालात भर आहे. आपल्या विषयात हाच मुद्दा कामाचा: काम करण्याआधी किंमत सांगणारा मेल गेला असेल तर ‘फुकट करण्याचा इरादा नव्हता’ आणि ‘नाकारायची मोकळीक होती’ हे दोन्ही त्यातच सिद्ध होतं. निकाल लागला डिसेंबर १९६१ मध्ये. स्वयंपाकघराचं बिल सतरा वर्षं चाललं.

चाकण-रांजणगावच्या मोठ्या कंपन्यांसाठी काम करणाऱ्यांना या सगळ्यात एक सवलत आहे. तिथे तुमच्याशी रोज बोलणाऱ्या इंजिनिअरसाहेबांच्या ‘गो अहेड’च्या मेलावर पैसे मिळत नाहीत. अकाउंट्स विभाग पर्चेस ऑर्डर, काम मिळाल्याची सिस्टीममधली नोंद आणि बिल ही तिन्ही जुळवून बघतो. बिल ऑर्डरच्या रकमेपेक्षा रुपयानेही जास्त असलं तर ते परत येतं. हा काच आहे, पण सीमा सांगायला यासारखं सभ्य निमित्त दुसरं नाही. ‘अकाउंट्सकडे बिल अडकायला नको म्हणून वाढीव कामाची पीओ अमेंडमेंट पाठवाल का? ती आली की लगेच सुरू करतो.’ यात तुम्ही साहेबांवर अविश्वास दाखवत नाही, दोघं मिळून तिसऱ्या खिडकीशी झगडताय. साहेबांनाही अमेंडमेंटसाठी वर टिपण पाठवावं लागतं, आणि ते लिहिताना निम्म्या मागण्या त्यांच्याच हाताने गळतात.

मर्यादाही सांगायला हव्यात. मेहुण्यांच्या कारखान्याचं काम, शाळासोबत्याच्या हॉटेलचं मेनूकार्ड, सोसायटीच्या चेअरमनसाहेबांची वेबसाइट यांना या पुस्तकातली भाषा लागू पडत नाही. तिथे एकतर पूर्ण फुकट करावं आणि तसं पहिल्याच दिवशी सांगावं, किंवा घेऊच नये. अर्ध्या दरातल्या घरच्या कामाला सीमा आखता आलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. आणि काही गिऱ्हाइकं अशी असतात की, कितीही नीट लिहिलं तरी प्रत्येक मेलाला फोनवर वितंडवाद घालतात. त्यांच्यासाठी शेवटचं प्रकरण आहे, काम सभ्यपणे सोडण्याच्या पत्रांचं. ते लहान आहे, पण गाळू नका.

पुढच्या पानांवरची पत्रं जशीच्या तशी उतरवून पाठवू नका. तुमच्या गिऱ्हाइकाला तुमची भाषा ठाऊक आहे आणि उसनी भाषा त्याला लगेच ओळखू येते. वाचायला बसण्याआधी सध्या चालू असलेल्या एका कामाचं कोटेशन आणि त्या गिऱ्हाइकाचे शेवटचे दहा मेल छापून जवळ घ्या, आणि त्यांत ‘फक्त’, ‘जाता जाता’, ‘अ‍ॅज डिस्कस्ड’ आणि सीसीतली नवी नावं यांखाली पेन्सिलीने रेघ ओढा. कोटेशनमध्ये काय येत नाही याची एकही ओळ सापडली नाही, तर पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करा. सापडली, तर सरळ तिसऱ्यावर या.